वर्षातून आठ गोळ्या

ऐतप्पा मूल्य याला रक्तदाब नव्हता. म्हणजे होता, पण वर्षातले तीनशे सत्तावन्न दिवस होता. उरलेल्या आठ दिवसांत तो कुठेतरी जाऊन बसायचा, आणि नेमका त्याच आठ दिवसांच्या शेवटी डेपोत डॉक्टर यायचा. असं नऊ वर्षं चाललं. नऊ वेळा डॉक्टरने त्याच्या कागदावर 'फिट' लिहिलं आणि नऊ वेळा ऐतप्पाने कॅन्टीनमध्ये सगळ्यांना मैद्याच्या भज्यांसारखे गोळीबजे खिलवले.

सकाळी सहा दहाची बंगळूर बस सतरा वर्षं तोच चालवत होता. डेपोतून निघायची, शिराडी घाट चढायची, सकलेशपूरला चहाला थांबायची आणि दुपारपर्यंत बंगळूरला पोचायची. दुसऱ्या दिवशी परत. शिराडीचा रस्ता म्हणजे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मधे जे काही उरतं त्यावर लॉऱ्या. त्या रस्त्यावर ऐतप्पाच्या गाडीत तान्ही पोरं झोपलेली राहायची. हे मी कौतुकाने सांगत नाही, तो डेपोतला हिशेबच होता. उप्पिनंगडीच्या स्टँडवर बाळंतिणी माहेराहून परत जायच्या तेव्हा गाडीत चढण्याआधी विचारायच्या, "ऐतप्पण्णा आहे ना?" तो असला तर चढायच्या, नसला तर कपाळाला आठ्या घालून चढायच्या. ऐतप्पा ते ऐकायचा, पण ऐकलं नाही असं दाखवून आरसा पुसायचा. त्याचं सगळं सुख त्या आरसा पुसण्यात होतं.

पंचेचाळिशी ओलांडली की ड्रायव्हरची दर वर्षी तपासणी. ती यायची आटी महिन्यात, म्हणजे ऐन पावसाळ्यात. समुद्रात होड्या जात नाहीत, ताजी मासळी नाही, घराघरात पेज आणि सुकट. पहिल्याच तपासणीला जुन्या भट डॉक्टरांनी पट्टा दंडाला बांधला, फुगवला आणि चष्म्यावरून पाहिलं. एकशे सत्तरवर एकशे चार.

"पंधरा दिवसांनी या," भट म्हणाले. "तेव्हा असाच निघाला तर मला लिहावं लागेल."

ऐतप्पा बाहेर आला तो गाडी बंद पडल्यासारखा. डेपोत 'लिहावं लागेल' याचा अर्थ एकच होता, आणि त्या अर्थाचं नाव शीनप्पा. शीनप्पाचा रक्तदाब एकदा कागदावर लिहिला गेला आणि महिन्याभरात तो गाड्या धुण्याच्या हौदावर पाइप धरून उभा होता. शीनप्पाचं हृदय आधीच फुगलेलं होतं, दोन जिने चढला तरी त्याला दम लागायचा, हे कुणी आठवत नसे. आठवायचं ते एवढंच, की बीपी लिहिला गेला आणि स्टिअरिंग गेलं.

तेव्हा दूमण्णा भेटला. दूमण्णा टाइमकीपर होता. आता निवृत्त होऊन डेपोसमोर पानाची गादी चालवतो. त्याच्या गादीत लवंगेच्या डब्याशेजारी एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा असे.

"काय मारायरे, काय रे बाबा, तोंड का पडलंय? बीपी ना?" दूमण्णाने डबा उघडला. आत गोळ्यांच्या पट्ट्या. "ही रोज सकाळी एक. आठ दिवस. नवव्या दिवशी जाऊन दंड पुढे कर. आठापेक्षा कमी घेतल्यास तर पुरता उतरत नाही, हे माझं संशोधन आहे."

"आणि पुढे?"

"पुढे काय, सण संपला की तोरण काढायचं! रोज घ्यायला तू काय रोगी आहेस?"

ऐतप्पाने आठ दिवस गोळी घेतली, सुकट सोडली, आणि पंधराव्या दिवशी एकशे अडतीसवर शहाऐंशी घेऊन बाहेर आला. त्या कागदावर एक ओळ होती: 'रक्तदाबासाठी औषध चालू आहे का? होय / नाही.' त्याने 'नाही'वर खूण केली. खोटंही नव्हतं. सकाळीच तर बंद केलं होतं.

पट्टी दहा गोळ्यांची. उरलेल्या दोन प्रामाणिकपणे दूमण्णाच्या डब्यात परत जायच्या. डेपोतल्या तीसेक ड्रायव्हरांच्या अशा दोन-दोन उरून डबा कायम भरलेला असे. कुणाच्या सासऱ्याच्या, कुणाच्या आईच्या गोळ्याही त्यात येऊन पडत. माणसं देवळाच्या हुंडीत टाकतात तशी ही मंडळी त्या डब्यात टाकत.

घरी मात्र गोळीचं नाव नव्हतं. घरी सातविणीची साल होती. आटीतल्या अमावास्येला पहाटे सातविणीची साल लोखंड न लावता दगडाने ठेचून काढायची, तिचा कडूजहर काढा करायचा आणि घरातल्या प्रत्येकाने उपाशीपोटी प्यायचा, ही तिकडची रीत. वारिजा, म्हणजे ऐतप्पाची बायको, या कामात कुणाला हार जाणारी नव्हती. तपासणी आणि अमावास्या पुढेमागेच यायच्या. पहिल्या वर्षी तो फिट होऊन आला तेव्हा तिने विचारलं, "उतरला कशाने?" आणि ऐतप्पाच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या काढ्याने."

झालं. त्यानंतर वारिजा दर आटीला मोठं पातेलं चढवू लागली. "आमच्या ह्यांचा बीपी फक्त सालीने उतरतो," हे तिने गल्लीत इतक्यांदा सांगितलं की शेजारचा निवृत्त मास्तर दोन लोटे न्यायला लागला. ऐतप्पाने एकदा खाकरून "मास्तर, गोळी सोडू नका हो" एवढं म्हटलं, आणि विषय बदलला.

नऊ वर्षांत त्याने ही युक्ती स्वतःपुरती ठेवली असती तरी एक गोष्ट होती. पण ऐतप्पा शिकवणारा माणूस. डेपोतला धाकटा ड्रायव्हर पुरंदर त्याच्या हाताखालीच घाट शिकला होता. गुंड्या गावाजवळच्या वळणावर गिअर कधी बदलायचा, उतारावर ब्रेकवर पाय न ठेवता इंजिनावर गाडी कशी धरायची, समोरच्या लॉरीचा ड्रायव्हर झोपेत आहे हे तिच्या चालीवरून कसं ओळखायचं, सगळं. गेल्या वर्षी पुरंदरलाही पंचेचाळीस पूर्ण झाली आणि घाबराघुबरा होऊन आला.

"अण्णा, बाहेर मोजला. एकशे ऐंशी निघाला. माझ्या घरात मीच एकटा कमावता आहे, तुम्हाला माहीतच आहे."

"अरे, घाबरतोस काय?" ऐतप्पा म्हणाला, आणि त्याला हाताला धरून दूमण्णाकडे घेऊन गेला. घाट शिकवला तसंच हेही शिकवलं.

आता कुणी म्हणेल, माणसाला काही जाणवत नव्हतं का? रक्तदाब हा तसा सभ्य रोग. ओरडत नाही, खाजवत नाही, अंगणात उभा राहून हाका मारत नाही. दोन वर्षांपूर्वी हासनच्या स्टँडवर डोकं फुटेल असं दुखलं म्हणून ऐतप्पा औषधाच्या दुकानात गेला, तर दुकानदाराच्या यंत्रात एकशे अठ्ठ्याण्णववर एकशे सोळा दिसलं.

"मशीन बिघडलंय तुमचं," ऐतप्पा म्हणाला, आणि डोकेदुखीची गोळी घेऊन गाडीत जाऊन बसला.

या वर्षी मात्र उजव्या डोळ्यापुढे काहीतरी यायला लागलं होतं. कोळ्याचं जाळं असावं तसं. तो सकलेशपूरला उतरून समोरची काच पुसायचा. कंडक्टर म्हणायचा, "अण्णा, काच लखलखीत आहे, आणखी किती पुसता?" मे महिन्यात एका वळणावर उजवीकडून आलेला मोटरसायकलवाला त्याला दिसला तो अगदी बंपरपाशी. गाडी थांबली. मोटरसायकलवाला शिव्या देऊन गेला. गाडीतलं एक पोर जागं होऊन रडायला लागलं, त्याच्या आईने आरशातून ऐतप्पाकडे पाहिलं. त्या दिवशी तो आरसा पुसायला विसरला. कुणाला काही बोलला नाही. आटी जवळ आली होती. आटीत सगळं ठीक होतं, असा त्याचा अनुभव होता.

यंदा भट डॉक्टर नव्हते. त्यांच्या जागी लविना कुटिन्हा म्हणून बाई आल्या होत्या. तिशी-बत्तिशीच्या, मंगळूरच्या, बोलायला गोड आणि नजरेला तिखट. डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत टेबल मांडून बसल्या होत्या. त्यांनी ऐतप्पाला आधी पाच मिनिटं नुसतं बसवून ठेवलं. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, न बोलता. मग पट्टा बांधला. एकशे छत्तीसवर चौऱ्याऐंशी. थोड्या वेळाने पुन्हा मोजला. तेवढाच.

"छान," त्या म्हणाल्या. ऐतप्पा उठायला लागला.

"बूट काढा जरा."

भटांनी नऊ वर्षांत कधी बूट काढायला सांगितलं नव्हतं. ऐतप्पाने काढले. मोज्यांच्या रबराचा खोल वळ घोट्याच्या वर उमटला होता. बाईंनी वाकून नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. मातीच्या गोळ्यावर उमटावा तसा खड्डा तिथे राहिला. ऐतप्पा कुंभाराच्या घरात जन्मलेला. असा खड्डा त्याने हजार वेळा पाहिला होता, पण मातीत.

"पायाला सूज कधीपासून?"

"बसून बसून येते हो मॅडम. सात-आठ तास गाडी."

"येऊ शकते. पण अशी सूज आणखी दोन गोष्टींनी येते. एक, बीपीची एक गोळी आहे, तिने घोटे सुजतात. दुसरं, मूत्रपिंडं बिघडली की येते." बाईंनी कागद पुढे ओढला. "तुम्ही इथे 'औषध नाही' म्हणून खूण केलीय. मग मला मूत्रपिंडांकडेच बघावं लागेल. ऐतप्पा, गोळी घेता का?"

ऐतप्पाने खाली पडलेला मोजा उचलून झटकला. बाहेर रांगेत पुढचा ड्रायव्हर खोकत होता.

"हे बघा," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "बीपी असलेला माणूस गाडी चालवू शकत नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं? रोज औषध घेऊन तो ताब्यात असेल, औषधाने चक्कर येत नसेल, झोप येत नसेल, डोळे-हृदय-मूत्रपिंडं शाबूत असतील, तर मी 'होय'वर खूण असलेल्या माणसालाही फिट लिहिते. दर थोड्या महिन्यांनी दाखवायला बोलावते, एवढंच. मला भीती वाटते ती लपवणाऱ्याची."

एवढ्या लांब वाक्यातलं ऐतप्पाला एकच ऐकू आलं: फिट लिहिते. नऊ वर्षांत त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही कुणाला विचारलं नव्हतं. त्याच्या छातीवरून काहीतरी उतरलं. मनात आलं, किती सोपं होतं हे.

"घेतो," तो म्हणाला. "आठ दिवस झाले."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी मागच्या आटीत."

कुटिन्हाबाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी त्याला बाटली देऊन लघवी आणायला पाठवलं. आणलेल्या बाटलीत एक पिवळी कागदी पट्टी बुडवली; ती गडद हिरवी झाली, म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती. भिंतीवरच्या तक्त्याची अक्षरं त्याने एक डोळा झाकून धडाधड म्हणून दाखवली, डेपोत ती सगळ्यांना पाठच होती. बाई म्हणाल्या, "आता उलटीकडून." डाव्या डोळ्याने तो हळूहळू शेवटापर्यंत गेला. उजव्याने वरच्या तीन ओळींनंतर थांबला.

"रक्त तपासू, पोटाची सोनोग्राफी करू, डोळ्यांच्या डॉक्टरांना पडदा दाखवू," त्या म्हणाल्या. "तोवर गाडी नाही."

"पण तुम्ही फिट लिहिते म्हणालात!"

"सगळं शाबूत असेल तर, असं म्हणाले मी."

ते त्याने ऐकलं नव्हतं.

पुढचे बारा दिवस जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात गेले. या खिडकीवरून त्या खिडकीवर, या मजल्यावरून त्या मजल्यावर. डोळ्यांत थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, आत उजेड टाकला. पडद्यावर रक्ताचे डाग होते, दोन्हीकडे, उजवीकडे जास्त. मूत्रपिंडं आक्रसून लहान झाली होती. रक्तातला जो आकडा एकच्या आसपास असायला हवा तो दोन पूर्णांक नऊ होता. शेवटी त्याने सगळे कागद कुटिन्हाबाईंच्या टेबलावर ठेवले. वारिजा सोबत होती. कुटिन्हाबाईंनी दोघांना बसवलं, ऐतप्पाचा बीपी पुन्हा मोजला आणि काही आडपडदा न ठेवता सांगितलं. डोळ्यांत गेलेलं फारसं परत येणार नाही. मूत्रपिंडं परत येणार नाहीत. रोज गोळ्या, मीठ कमी, असं केलं तर दोन वर्षं, चार वर्षं रेटता येईल, मग यंत्रावर रक्त धुवावं लागेल. बसचं स्टिअरिंग आता हातात देता येणार नाही, वैद्यकीय मंडळाचे डॉक्टरही हेच लिहितील.

"आज माझा बीपी बरोबर आहे ना?" ऐतप्पाने विचारलं. "एकशे छत्तीस. तुम्हीच मोजलात."

"आजचा बरोबर आहे."

"मग?"

"ऐतप्पा, मी आजचा दिवस नापास करत नाहीये. मधली नऊ वर्षं तो आत काय करत होता, ते या कागदांवर आलंय."

"पहिल्या वर्षी मी 'होय' लिहिलं असतं तर?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "महिना-दोन महिने खाली बसावं लागलं असतं, औषध जमेपर्यंत. मग बहुतेक फिट लिहिलं असतं. बहुतेक आजही तुम्ही गाडीवर असता."

हे ऐकून ऐतप्पाला रडू आलं नाही. पायाखालची जमीन सरकणं वगैरे म्हणतात तसंही झालं नाही. त्याला फक्त भयंकर राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. दूमण्णावर काढावा तर दूमण्णा भलं करायला गेला होता. भटांवर काढावा तर ते रिटायर होऊन सुपारीच्या बागेत बसले होते.

घरी येताना सगळे कागद वारिजाने धरले होते. दारात चपला काढताना म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी साल ठेचत होते ती कशाला हो?"

"वारिजा..."

"गल्लीभर सांगत फिरले. मास्तरांना लोटे भरून दिले. आणि तुम्ही समोर बसून काढा पीत होतात, आणि तोंड वाकडं करून 'कडू आहे' म्हणत होतात." तिने कोनाड्यातलं पातेलं उचललं, परसात नेऊन पालथं घातलं. "मला सांगितलं असतंत तर रोज हातात गोळी ठेवली नसती का मी? पेजेबरोबर ठेवली असती. कुणाला कळलं असतं?"

त्या रात्री पेजेबरोबर सुकट नव्हती, मीठही नव्हतं, आणि वाटीच्या कडेला दोन गोळ्या होत्या.

मंडळाचा निर्णय यायचा होता, तोवर डेपोने ऐतप्पाला फाटकावर बसवलं. काम सोपं. गाडी बाहेर पडली की वहीत तिचा नंबर, ड्रायव्हरचं नाव आणि वेळ लिहायची. आत आली की पुन्हा. पहिल्याच सकाळी सहा दहाची बंगळूर फाटकात आली. स्टिअरिंगवर पुरंदर होता.

"अण्णा, तुमचीच गाडी आहे. मी नुसती सांभाळतोय," पुरंदर खाली वाकून म्हणाला. त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. ऐतप्पाने हात हलवला आणि वेळ लिहिली. अक्षरं उजव्या डोळ्याला तुटकी दिसत होती म्हणून मान जरा वळवून लिहिली.

त्या आठवड्यात ऐतप्पाने आयुष्यात पहिल्यांदा एक शहाणपणाचं काम केलं. कुटिन्हाबाईंकडे गेला आणि म्हणाला, "मॅडम, डेपोतली माणसं माझ्यासारखीच आहेत. नावं विचारू नका. पण तुम्ही येऊन त्यांना सांगा. मला जे सांगितलंत तेच." बाई खरोखरच आल्या. दुपारच्या जेवणाच्या वेळी कॅन्टीनमध्ये उभ्या राहिल्या, आणि अगदी सोप्या शब्दांत सांगितलं, 'होय' लिहा, मी त्रास देणार नाही, औषध लावून देईन, बहुतेकांना काही आठवड्यांत परत गाडीवर बसवेन. ड्रायव्हर लोकांनी अदबीने ऐकलं. चहा प्याले. मग मागून कुणीतरी विचारलं.

"मॅडम, ऐतप्पण्णाने तुम्हाला खरं सांगितलं ना?"

"हो."

"मग तो कुठे आहे आता? रस्त्यावर आहे का फाटकावर?"

"त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना खूप उशीर झाला होता."

"प्रत्येकाची गोष्ट वेगळीच निघेल हो मॅडम," तो म्हणाला, आणि सगळं कॅन्टीन हसलं. वाईट हसणं नव्हतं, घाबरलेलं होतं.

ऐतप्पा उभा राहिला. त्याला भाषण येत नव्हतं. "अरे, बोललो म्हणून गेलो नाही मी. न बोलल्याने गेलो. नऊ वर्षं न बोलल्याने. एवढं साधं कळत नाही का तुम्हाला?"

"अण्णा, बसा तुम्ही. बीपी चढेल," कुणी तरी मायेने म्हणालं. दोघांनी खांदे धरून त्याला बसवलं, एकाने पाण्याचा पेला पुढे केला.

त्या दिवसापासून डेपोत शीनप्पाचं नाव कुणी घेईनासं झालं. 'लिहिलं गेलं की काय होतं' याला आता ताजं उदाहरण मिळालं होतं, आणि ते रोज फाटकावर सगळ्यांना दिसत होतं. नवीन पंचेचाळिशीतले ड्रायव्हर बाहेर पडताना त्याच्याकडे बघत आणि मनाशी काहीतरी पक्कं करून पुढे जात. ते काय, हे ऐतप्पाला चांगलं ठाऊक होतं. रोज सकाळी सहापासून तो खुर्चीवर बसून नेमकी उलटी शिकवण देत होता, तोंड न उघडता.

चवथीचा सण झाला, गणपती पाण्यात गेले. मंडळाचा कागद आला, त्यात लिहायचं तेच लिहिलेलं होतं. आता फाटक कायमचं. उरलेल्या ड्रायव्हरांची तपासणी पुढच्या मंगळवारी ठरली. त्यांत पुरंदर होता.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात सोमवारी सकाळी सहाला पाच कमी असताना पुरंदर गाडी फाटकाजवळ उभी करून खाली उतरला. गाडीत चाळीसेक माणसं बसली होती. खिडकीशी एक बाई तान्हं मांडीवर घेऊन त्याला थोपटत होती.

"अण्णा, एक काम होतं." पुरंदर मान खाली घालून बुटाने खडी उकरत होता. "दूमण्णाचा डबा गायब झालाय. ते मॅडमचं प्रकरण झालं आणि त्याच्या पोराने सगळं गटारात ओतलं. बाहेर दुकानदार चिठ्ठीशिवाय देत नाही. तुमच्याकडे आता कायमच्या आहेत ना... तीच गोळी ना?"

ऐतप्पाच्या खिशात पट्टी होती. वारिजा रोज सकाळी शिदोरीबरोबर देत असे. त्याने ती काढली. आजची दहाच्या दहा, नवी कोरी.

"तुझा आत्ता किती आहे?"

"मोजला नाही. डोकं दुखतं कधीकधी."

"काच पुसतोस का मधेच उतरून?"

"काय?"

"काही नाही." ऐतप्पाने पुरंदरचं मनगट धरलं. "ऐक. ही सगळी घे. उद्यापासून आठव्या दिवशी तुझी पाळी. त्या दिवशी 'होय'वर खूण कर. मी तुझ्याबरोबर आत येतो. मॅडम वाईट नाहीत. तुझे डोळे, मूत्रपिंडं अजून ठीक असतील रे. तू एकच वर्ष केलंयस हे. महिनाभर खाली बसशील, माझ्या शेजारी खुर्ची टाकू. मग परत जाशील वर. मी तुला घाट शिकवला ना? मग हेही ऐक माझं."

पुरंदरने त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, हे खरं. या माणसाचं त्याने आजवर सगळं ऐकलं होतं. मग त्याची नजर ऐतप्पाच्या वहीवर गेली, खुर्चीवर गेली, वळवून धरलेल्या मानेवर गेली.

"आणि नाही केलंस तर मी सांगेन मॅडमना," ऐतप्पा म्हणाला.

"सांगाल?" पुरंदर हळूच म्हणाला. "मला हाताला धरून डब्यापाशी कुणी नेलं होतं, अण्णा?"

ऐतप्पाच्या हातातलं मनगट सुटलं.

गाडीतून कुणीतरी ओरडलं, "वेळ झाली ना हो?" पुरंदरने पट्टी घेतली. कापायला काही नव्हतं, म्हणून पट्टी भोकाभोकाच्या रेषेवर दुमडून, नीट मोजून तोडली. आठ गोळ्या खिशात घातल्या. उरलेल्या दोन ऐतप्पाच्या वहीवर ठेवल्या.

"ह्या तुमच्या," तो म्हणाला, आणि गाडीत चढला.

सहा दहाला गाडी फाटकातून बाहेर पडली. खिडकीतलं तान्हं झोपलं होतं. ऐतप्पाने मान वळवली, वहीत गाडीचा नंबर लिहिला, ड्रायव्हरचं नाव लिहिलं, वेळ लिहिली. मग त्या दोन गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या, कारण त्याची वेळ झाली होती.